मानेतली नळी दोन दिवस जास्त राहिली, त्याबद्दल

रिव्ह्यू, दोन स्टार: «बाबांना आयसीयूत मानेत नळी घातली. आम्ही बाहेर पाऊण तास ताटकळत. दाराच्या काचेतून दिसलं, सिस्टरनं डॉक्टरला मध्येच थांबवलं, त्यांनी गाऊन काढून पुन्हा नवा घातला. नर्सला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का? बीपीचं औषध गुरुवारी बंद झालं, नळी मात्र शनिवारपर्यंत तशीच. शनिवारी थंडी वाजून ताप आला तेव्हा काढली. काढल्यावर बाबांना अर्धा तास उठूही दिलं नाही. वर बिलात गाऊन, हातमोजे, चादर सगळं लावलं. नागपूरकरांनो, विचार करून जा.»

भाऊ, काल फोनवर तुम्ही म्हणालात की जे मला सांगताय ते सगळ्यांपुढे लिहा. म्हणून लिहितोय. बाबांचं नाव आणि मूळ आजार इथे येणार नाही, नळीपुरतंच बोलतो.

आधी सिस्टरचं. त्यांनी थांबवलं ते बरोबरच केलं. सोनोग्राफीच्या मशीनकडे हात नेताना डॉक्टरांच्या गाऊनची बाही मशीनच्या कडेला घासली. मशीन निर्जंतुक नसतं, फक्त त्याच्या प्रोबवर निर्जंतुक पिशवी चढवलेली असते. डॉक्टरांचं लक्ष पडद्यावरच्या शिरेकडे होतं, त्यांना ते कळलंच नाही. सिस्टर हातात यादी घेऊन बाजूला उभ्या असतात त्या एवढ्यासाठीच. त्या म्हणाल्या, «सर, थांबा, बाही लागली.» डॉक्टरांनी वाद न घालता गाऊन आणि हातमोजे बदलले. त्यात दहा मिनिटं गेली. पहिल्यांदा काचेतून बघणाऱ्याला ते भांडण वाटणार, हे मला मान्य आहे.

ही पद्धत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तेव्हा असलेल्या डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणे, पूर्ण आवरण, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकानं त्वचा साफ करणे, शक्यतो जांघेत नळी न घालणे आणि गरज संपली की नळी काढणे. सोबत नियम असा, की डॉक्टर एखादी पायरी विसरले तर नर्सनं त्यांना थांबवायचं, जीव धोक्यात असेल तेवढा अपवाद सोडून. मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये ही यादी वापरली गेली आणि त्याचे आकडे 2006 साली प्रसिद्ध झाले. नळी शरीरात असलेल्या दर 1000 दिवसांमागे रक्तातल्या संसर्गाचं मध्यक प्रमाण 2.7 होतं, ते तीन महिन्यांत शून्यावर आलं. यादीत नवीन शोध एकही नव्हता. नवीन होता तो सिस्टरला दिलेला थांबवण्याचा हक्क.

पाऊण तासाचा हिशोब असा. हात धुऊन टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे. बाबांच्या डोक्यापासून पायापर्यंत मोठी निर्जंतुक चादर, कारण नळीची वायर लांब असते, वळवळते आणि कुठेही टेकू शकते. मग मानेवर अल्कोहोलमधलं क्लोरहेक्झिडिन निदान तीस सेकंद घासून लावायचं आणि आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही, फुंकायचं नाही. घाई असते तेव्हा नेमकी हीच पायरी खाल्ली जाते, आणि ओल्या त्वचेत सुई टोचली तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. पुढे भूल, सोनोग्राफीत बघत शिरेत सुई, सुईतून वायर, वायरवरून नळी. वायर बाहेर आली की सिस्टर ती डोळ्यांनी बघतात आणि कागदावर सही करतात, कारण वायर आत राहून गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. शेवटी छातीचा एक्सरे. इतकं सगळं पंधरा मिनिटांत उरकलं असतं तर मलाच शंका आली असती.

आता तुमचा खरा प्रश्न. त्यात तुम्ही बरोबर आहात आणि आम्ही चुकलो.

नळी सोमवारी रात्री घातली ती नॉरॲडसाठी, म्हणजे बीपी टिकवायच्या औषधासाठी. ते हाताच्या शिरेतून थोडा वेळ चालवता येतं, सुरुवातीला तसंच चालवलं. पण दिवसभर चालवलं आणि शिरेबाहेर झिरपलं तर तिथली कातडी काळी पडून सडू शकते. म्हणून मानेतली मोठी शीर. गुरुवारी पहाटे सहाला औषध पूर्ण बंद झालं आणि दिवसभर बीपी टिकलं. त्या संध्याकाळी, फार तर शुक्रवारच्या सकाळी, नळी निघायला हवी होती.

का निघाली नाही? मी फाइल घेऊन बसलो. आमच्या रोजच्या कागदावर एक ओळ आहे: «सेंट्रल लाइनची गरज आहे का?» पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. शुक्रवारी «हो»वर टिक आहे. कारणाची जागा कोरी. राउंडच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, «सर, काकांच्या हाताला सूज होती, शिरा दिसत नव्हत्या. म्हटलं असू दे, रात्री बीपी पडलं तर लागेल.» सिस्टरांना विचारलं तर त्यांचं उत्तर आणखी प्रामाणिक: रक्त काढायला बरी पडते, पेशंटला टोचावं लागत नाही. दोघंही तुमच्या बाबांचं वाईट चिंतत नव्हते. पण «असू दे» ही गरज नव्हे, ती आमची सोय. काम नसलेली नळी रोज जंतूंना वाट देत राहते.

दुसरी गोष्ट तुम्हाला दिसली नसेल, मला कागदावर दिसली. शुक्रवारी दुपारी ड्रेसिंगची एक कड सुटली होती. मान, दाढीचे खुंट आणि मे महिन्यातलं नागपूर. पंचेचाळीस डिग्रीला आमच्या आयसीयूचा एसीसुद्धा दमतो. पारदर्शक ड्रेसिंग घट्ट असेल तर सात दिवस चालतं, पण कड सुटली, ओलं झालं किंवा खाली रक्त दिसलं की ते त्याच वेळी काढून, त्वचा क्लोरहेक्झिडिननं साफ करून नवं लावायचं असतं. आमच्याकडे सुटलेल्या कडेवर मायक्रोपोरची पट्टी चिकटवली गेली. नोंदीत लिहिलंय, «ड्रेसिंग रिइन्फोर्स केले.» शब्द छान आहे, काम चुकीचं आहे. पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत जंतू बहुतेक वेळा त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या बाजूनं आत सरकतात. नळी जास्त दिवस राहिली की मग तिच्या तोंडातून, म्हणजे इंजेक्शन जोडतो तिथून जाण्याचं प्रमाण वाढतं. त्यामुळे माझा संशय त्या पट्टीवर आहे. पण तोंड प्रत्येक वेळी नीट घासलं होतं का, हेही आज मी शपथेवर सांगू शकत नाही.

शनिवारी संध्याकाळी नळीतून सलाईन सोडल्यावर थोड्याच वेळात हुडहुडी भरली आणि ताप 102. नळीतून काही सोडल्यावर थंडी वाजणं ही नळीकडे बोट दाखवणारी खूण आहे. तिथून पुढे मात्र काम नीट झालं. अँटिबायोटिक देण्याआधी कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून बघायला, रक्त एकदा नळीतून आणि एकदा दंडाच्या शिरेतून घेतलं, एकाच वेळी आणि सारख्याच प्रमाणात. मग लगेच नळी काढली. नळीतल्या रक्ताच्या बाटलीत जंतू अकरा तासांत वाढले, दंडाच्या बाटलीत पंधरा तासांत. जंतू एकच, त्वचेवर एरवी निमूट राहणारा. नळीची बाटली दोन तास किंवा त्याहून जास्त आधी पॉझिटिव्ह आली तर संसर्गाचं मूळ नळीत धरतात. इथे फरक चार तासांचा. म्हणजे ताप मूळ आजाराचा नव्हता, आमच्या नळीचा होता. रविवारी तुमच्या भावाला «इन्फेक्शन आहे, औषध सुरू केलंय» एवढंच सांगितलं गेलं. कुठून आलं ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते मी करायला हवं होतं.

अर्धा तास उठू दिलं नाही, ते मात्र पुन्हाही देणार नाही. मानेतली नळी काढताना पेशंट बसलेला असेल तर उघड्या भोकातून हवा शिरेत ओढली जाऊ शकते आणि ती जीवघेणी ठरते. म्हणून डोकं खाली, श्वास रोखून नळी बाहेर, पाच मिनिटं दाब, हवाबंद ड्रेसिंग आणि अर्धा तास आडवं. हे कारण त्या वेळी कोणी बोललं नाही, त्याबद्दल माफ करा.

सोमवारपासून त्या कागदावरचे हो-नाहीचे चौकोन काढून टाकलेत. आता डॉक्टरांनी कारण शब्दात लिहायचं: नॉरॲड चालू आहे, डायलिसिस आहे, शिरेतून पोषण चालू आहे, किंवा सोनोग्राफीनं शोधूनही हातात शीर मिळाली नाही. रक्त काढायला सोपं, हे कारण चालत नाही. शिरा दिसत नसतील तर आधी मशीन लावून दंडात शोधायची, मगच मिळत नाही म्हणायचं. राउंडमध्ये औषधांच्या आधी सिस्टर नळीचा प्रश्न विचारतात, आणि दुपारी बारापर्यंत ती जागा कोरी दिसली तर थेट मला फोन. पहिल्याच आठवड्यात तीन फोन आले. त्यातल्या दोन नळ्या त्याच दुपारी निघाल्या. तिसऱ्या पेशंटचं डायलिसिस चालू होतं, डॉक्टर फक्त लिहायला विसरले होते. आयसीयूतून मायक्रोपोर मात्र हटवता आलेला नाही, तो शंभर कामांना लागतो. म्हणून दर पाळी बदलताना काम सोपवायच्या वेळी दोन्ही सिस्टरांनी ड्रेसिंगच्या चारी कडा बोटानं तपासायच्या, असं ठरवलंय. टिकेल का, ते पावसाळ्यातल्या दमट दिवसांत कळेल.

बिलाचं. शनिवारनंतरचे आयसीयूचे दिवस, अँटिबायोटिक आणि दोन्ही कल्चर यांचे पैसे आम्ही परत करतोय. बुधवारी काउंटरवर फाइल दाखवा, मेडिकलची पावती नसली तरी चालेल. कल्चरचा रिपोर्ट आणि नळीच्या सगळ्या कागदांच्या प्रतीही तिथेच मिळतील, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्या असतील तर जरूर दाखवा. बाबांना पुढच्या काही दिवसांत पुन्हा थंडी-ताप आला तर ओपीडीच्या रांगेत थांबू नका, सरळ आयसीयूत या.

गाऊन, हातमोजे आणि मोठ्या चादरीचे पैसे मात्र बिलात राहतील, दुसऱ्या गाऊनचे वगळून. तो आमच्या बाहीमुळे लागला.