बुधवार पुढे आणला त्याची गोष्ट

माझी मेल गेल्या आठवड्यात पडद्यावर दाखवली गेली. भिंतीएवढी. नाव झाकलं होतं, पण खाली 'डिस्पॅच, रत्नागिरी' तसंच ठेवलं होतं आणि आमच्या डिस्पॅचमध्ये मी एकटाच बसतो. पुण्याच्या मुख्य कचेरीतून इंग्रजी सुधारायला आलेल्या मॅडमनी (माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान, हे मी चहाच्या वेळी विचारून घेतलं) त्या चार ओळींत तीन ठिकाणी लाल केलं होतं. प्रीपोन, डू द नीडफुल आणि आउट ऑफ स्टेशन.

"सर, प्रीपोन हा शब्दच नाहीये."

बावीस वर्षं मी आंब्याच्या मोसमात बैठका प्रीपोन करत आलोय. हा शब्दच नसेल तर त्या बैठका झाल्या कुठे? घरी येऊन मुलीला शोधायला लावलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात शब्द आहे. 1913 साली एका गृहस्थाने न्यू यॉर्क टाइम्सला पत्र लिहून, पोस्टपोनला जोडीदार म्हणून प्रीपोन सुचवला होता. तिकडे तो रुजला नाही, आपल्याकडे रुजला. पोस्ट म्हणजे नंतर, प्री म्हणजे आधी, शाळेतल्या पोरालाही कळेल. पण मॅडमचं म्हणणं, परदेशी गिऱ्हाइकाला कळत नाही, तिथे 'ब्रॉट फॉरवर्ड' लिहायचं. आमचं गिऱ्हाईक वाशीला बसतं, हे मी बोललो नाही.

तर मी आज्ञाधारकपणे लिहिलं. वाहतुकीच्या दरांची बैठक बुधवारी 15 तारखेला होती. वाशीचे दलाल लवकर यायचे म्हणून ती सोमवारी घ्यायची ठरली. मेलमध्ये टाकलं, बुधवारची बैठक दोन दिवसांनी ब्रॉट फॉरवर्ड केली आहे. मॅडमनी अंगठा पाठवला.

सोमवारी सगळे आले, एक राजापूरचे तात्या सोडून. तात्यांचे चार ट्रक आमच्या पेट्या वाहतात. त्यांच्या पुतण्याने मेल वाचून सांगितली होती. शुक्रवारी सकाळी दहाला तात्या हजर. इस्त्रीचा सदरा, बगलेत दरांची फाइल, हातात हापूसची दोन डझनांची पेटी.

"चला, घ्या बैठक."

"तात्या, बैठक सोमवारीच झाली."

"सोमवारी कशी होईल? तुम्हीच लिवलंय, पुढे आणली. बुधवारच्या पुढे दोन दिस. गुरुवार, शुक्रवार." बोटं दाखवली. "का आमच्या राजापुरात वार वेगळे?"

मी म्हटलं, इंग्रजीत पुढे आणली म्हणजे अलीकडे घेतली.

तात्यांनी फाइल टेबलावर ठेवली. खुर्ची ओढून बसले. बसण्याच्या पद्धतीवरूनच कळलं की आता जेवणापर्यंत सुटका नाही.

"साहेब, मी चाळीस वर्षं गाडी चालवली. गाडी फॉरवर्ड घे म्हटलं की बॉनेट जिकडं तिकडं जाते. अलीकडे घ्यायची तर रिव्हर्स टाकतात. मला एक सांगा, तुमच्या इंग्रजीत रिव्हर्सला काय म्हणतात? फॉरवर्ड?"

शिपाई हसायला लागला. मी त्याला चहा आणायला पिटाळला.

वाईट असं की तात्या चुकत नव्हते. आपण मराठीत बैठक 'पुढे ढकलली' म्हणतो तेव्हा ती नंतर होते, आणि आधी घ्यायची तर 'अलीकडे आणली' म्हणतो. आपण रस्त्यावरून चाललोय आणि शुक्रवार पुढच्या वळणावर उभा आहे, असा तो हिशोब. 'ब्रॉट फॉरवर्ड'वाल्यांचा हिशोब उलटा. ते जागेवर उभे, दिवसच त्यांच्याकडे चालत येतो. हातखंब्याच्या फाट्यावर उभं राहून समोरच्या एसटीला 'पुढे ये' म्हटलं की ती आपल्याकडे येते, तसं. बरं, नुसतं 'मूव्ह्ड फॉरवर्ड' लिहिलं तर खुद्द इंग्रजांचाच घोळ होतो. बुधवारची बैठक दोन दिवस फॉरवर्ड नेली, तर कोणत्या वारी, असं विचारून तिकडच्या संशोधकांनी प्रयोग केलेत. काही सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. प्रीपोनला मात्र एकच दिशा आहे. ज्या शब्दाचा घोळ होत नव्हता तो काढून घोळाचा आणला आणि वर याला स्टँडर्ड म्हणायचं!

आउट ऑफ स्टेशनचंही तेच. त्याऐवजी 'आउट ऑफ ऑफिस' लिहायचं म्हणे. अहो, समोरच्या टपरीवर चहाला गेलो तरी मी आउट ऑफ ऑफिसच असतो. मला सांगायचंय की मी गावातच नाही. मॅडमना वाटलं स्टेशन म्हणजे रेल्वेचं. कोकण रेल्वे पुरी सुरू झाली 1998 साली. त्याच्या कितीतरी आधी रत्नागिरी स्टेशनच होती, कारण जिथे साहेबाचे अंमलदार किंवा फौजी अधिकारी राहत ते गाव म्हणजे स्टेशन. 1886 साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन कोशात हा अर्थ दिलाय. त्याच साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं, आणि 1916 मध्ये इथेच तो वारला. तीस वर्षांत बिचाऱ्याला एकदाही आउट ऑफ स्टेशन होता आलं नाही. त्याला तरी शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला नसता. आणि रेल्वेचंच धरायचं तर ते स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणजे आम्ही सगळे रत्नागिरीकर जन्मभर आउट ऑफ स्टेशन.

डू द नीडफुलवर मात्र मी हरलो. तो शब्दही साहेबाचाच, तिकडे जुना झाला, इकडे आपल्या 'योग्य ती कार्यवाही व्हावी'च्या शेजारी छान बसला. पण मॅडमनी विचारलं, "सर, नीडफुल म्हणजे नेमकं काय करायचं?" मेल अकाउंट्सला होती, तात्यांच्याच बिलाची. पास करायचं, की डिझेलच्या आगाऊ रकमेची वजावट करून पास करायचं, की जादा लावलेल्या हमालीसाठी परत पाठवायचं? मी गप्प. मला खरंच ठरवायचं नव्हतं. अकाउंट्सने ठरवावं म्हणून तर नीडफुल! आता लिहायचं असतं की सोबतचं बिल अमुक रक्कम वजा करून शुक्रवारपर्यंत पास करा. म्हणजे वजावट चुकली तर चूक माझी. त्या तीन शब्दांत केवढी सावली होती, ते झाड तोडल्यावर कळलं.

तात्या जेवून साडेतीनला गेले. पेटी ठेवून गेले, पण मॅडमना द्यायची नाही असं बजावून. काल त्यांचं बिल आलं. नेहमीच्या फेऱ्यांच्या खाली पुतण्याच्या अक्षरात एक जादा ओळ आहे: 'बुधवार फॉरवर्ड केल्याबद्दल, राजापूर ते रत्नागिरी जाऊन-येऊन, रु. 2,000.'

अकाउंट्सने त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढून बिल माझ्याकडे परत पाठवलंय. शेरा मारायचा आहे. दोन वेळा पेन उचललं. नीडफुल लिहायची सोय नाही, आणि काय करावं ते नेमकं लिहायचं तर आधी मला ते ठाऊक हवं. बिल टेबलावर पेपरवेटखाली आहे. पेपरवेट म्हणजे हापूसची बाठ. वाळलेली.