ड्रायव्हरचा दिवस कधी सुरू होतो आणि कधी संपतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “युरोप सहलीच्या आखणीवरचा आपला लेख वाचला. आपण कंपन्यांची बाजू घेता असे स्पष्ट दिसते. आम्ही मे महिन्याच्या शेवटी पॅरिस ते रोम अशी अकरा दिवसांची सहल केली. पॅरिसच्या दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने जेमतेम चार तास गाडी चालवली असेल, बाकी वेळ तो पार्किंगमध्ये आराम करत होता. तरी रात्रीची रोषणाई दाखवायला त्याने ‘नियम’ म्हणून नकार दिला. कार्यक्रमपत्रिकेत रोषणाई छापलेली होती. इंटरलाकेनला दिवसभर कोच उभा आणि आम्ही सामान्य रेल्वेने हिंडतो आहोत. फ्लोरेन्सला तर जेवणानंतर टूर मॅनेजरच गायब, म्हणे त्याची विश्रांती. पैसे आम्ही भरले आणि सुट्ट्या यांनी घेतल्या!”

सप्रेम नमस्कार.

आपल्या तीन तक्रारींपैकी पहिली मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र तिचा दोष मी ड्रायव्हरला देणार नाही. तो ज्याने त्या दिवसाचा तक्ता आखला त्याचा आहे. गेली अनेक वर्षे असे तक्ते आखण्याचेच काम मी करतो, त्यामुळे ही चूक नेमकी कुठे होते हे मला अनुभवाने ठाऊक आहे.

ड्रायव्हरने चारच तास गाडी चालवली, हे आपले निरीक्षण बरोबर असणार. युरोपीय संघाच्या नियमांत, म्हणजे २००६च्या नियमावली क्रमांक ५६१मध्ये, दिवसाला ९ तास चालवण्याची मुभा आहे आणि आठवड्यात दोनदा ती १० तासांपर्यंत नेता येते. पण शहरदर्शनाच्या दिवशी ही मर्यादा कधीच आड येत नाही. आड येते ती दुसरी मर्यादा, आणि प्रवाशांना ती दिसत नाही. ड्रायव्हरने काम सुरू केल्या क्षणापासून चोवीस तासांचे एक घड्याळ चालू होते आणि त्या चोवीस तासांच्या आतच त्याची रोजची सलग विश्रांती पूर्ण व्हावी लागते. ही विश्रांती ११ तासांची असते, म्हणजे कामाचा दिवस पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत १३ तासांचा. दोन साप्ताहिक विश्रांतींच्या मधल्या काळात तीन वेळा ती ९ तासांवर आणता येते. त्या दिवशी कामाचा दिवस १५ तासांपर्यंत ताणतो. पार्किंगमध्ये थांबलेले तास या घड्याळातून वजा होत नाहीत.

आपण म्हणाल की त्या थांबण्यालाच विश्रांती का मानू नये. नियमात त्याचीही सोय आहे. रोजची विश्रांती दोन तुकड्यांत घेता येते, पहिला तुकडा किमान सलग ३ तासांचा आणि दुसरा किमान सलग ९ तासांचा. पण पहिल्या तुकड्यात ड्रायव्हर खरोखर मोकळा हवा. कोणी स्वेटर विसरले म्हणून त्याला फोन करून कोच उघडायला लावला, तर तो तुकडा तिथेच मोडतो. (आपल्या मंडळींच्या पिशव्या, औषधे आणि खाकऱ्यांचे डबे कोचमध्येच राहतात, त्यामुळे हे दर सहलीत घडते.) शिवाय तुकडे केले तरी रात्रीचे ९ तास लागतातच. त्यामुळे १५ तासांची भिंत जागची हलत नाही. फायदा एवढाच की तीनपैकी एक संधी वाचते.

आता आपल्या त्या दिवसाचा हिशोब मांडतो. सकाळी ८ वाजता कोच हॉटेलच्या दारात हवा असेल, तर पार्किंगमधून निघणे आणि त्याआधी गाडीची तपासणी धरून ड्रायव्हरचे काम सव्वासातला सुरू होते. तिथून १३ तास रात्री सव्वाआठला संपतात आणि १५ तास सव्वादहाला. मे महिन्याच्या शेवटी पॅरिसमध्ये सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास आणि नीट अंधार पडायला दहा वाजून जातात. म्हणजे रोषणाई बघण्यासारखी होते त्याच वेळी ड्रायव्हरचा दिवस संपतो. दीड तासाची फेरी, हॉटेलवर परत आणि कोच जागेवर लावणे धरले तर पावणेबारा वाजणार. २०२४च्या दुरुस्तीने अशा सहलींसाठी, त्या दिवशी एकूण चालवणे ७ तासांच्या आत असेल तर, विश्रांतीची सुरुवात एक तास पुढे ढकलण्याची सवलत मिळाली आहे. पण तीही सव्वाअकरालाच संपते. सकाळी ८चा कोच आणि मे महिन्यातली रोषणाई या दोन गोष्टी एका ड्रायव्हरच्या एका दिवसात मावतच नाहीत. हे कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी कागदावरच दिसायला हवे होते. त्याच नियमावलीत हेही म्हटले आहे की करारातले वेळापत्रक नियमांत बसते आहे ना, हे सहल आखणाऱ्यानेही पाहिले पाहिजे. तेव्हा ‘ड्रायव्हर नाही म्हणाला’ हे आपल्याला मिळालेले उत्तर अपुरे होते.

मी हा दिवस असा लावतो. न्याहारी उशिरा, कोच दारात सव्वाअकराला, ड्रायव्हरचे काम पावणेअकराला सुरू. (भारतीय घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असल्यामुळे मंडळी पहाटे चारलाच जागी असतात आणि उशिरा निघण्यावर रुसतात, हे खरे. त्यांच्यासाठी सकाळी टूर मॅनेजरने नव्हे तर स्थानिक गाइडने हॉटेलच्या परिसरात एक पायी फेरी ठेवावी.) दुपारी शहरदर्शन, मग आयफेल टॉवर, सेन नदीतली बोट, भारतीय जेवण आणि दहा वाजता रोषणाई. पावणेबाराला काम संपले तर १३ तास बरोबर भरतात. दुसऱ्या दिवशी अ‍ॅमस्टरडॅमकडे निघायचे असते, म्हणून इथे तीनपैकी एक संधी खर्च करावी लागते : ९ तासांची विश्रांती, सकाळी पावणेनऊला काम सुरू, सव्वानऊला प्रस्थान. ब्रसेल्सपर्यंत सुमारे ३१० किलोमीटर, तिथे जेवण आणि थोडे फिरणे, पुढे अ‍ॅमस्टरडॅमपर्यंत सुमारे २१० किलोमीटर. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांचा थांबा बंधनकारक असतो, तो ब्रसेल्सच्या जेवणात मिळून जातो. रात्री नऊपर्यंत हॉटेल गाठले तर तो दिवस १३ तासांच्या आत राहतो आणि ड्रायव्हरला पुन्हा ११ तास मिळतात. या एका बदलाची किंमत म्हणजे पॅरिसमधली एक सकाळ. ती द्यायची नसेल तर रोषणाईसाठी स्थानिक कोच आणि दुसरा ड्रायव्हर घ्यावा आणि तो खर्च सहलीच्या किमतीत उघडपणे दाखवावा.

जास्त बक्षिसी देऊन प्रश्न सुटला असता, असेही अनेकजण सुचवतात. कोचमधल्या टॅकोग्राफमध्ये ड्रायव्हरचे स्वतःचे कार्ड असते आणि चालवणे, इतर काम, विश्रांती असे सारे त्यावर नोंदले जाते. रस्त्यावरच्या तपासणीत चालू दिवसाबरोबर मागच्या ५६ दिवसांच्या नोंदी मागता येतात. पॅरिसच्या रात्रीची बक्षिसी ऑस्ट्रियातल्या महामार्गावर दंडाच्या रूपाने बाहेर येते आणि कोच तिथेच थांबवला तर चाळीस माणसे पेट्रोल पंपावर बसून राहतात.

इंटरलाकेनबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही. साप्ताहिक विश्रांती संपल्यापासून चोवीस-चोवीस तासांचे सहा कालखंड पूर्ण होण्याच्या आत पुढची साप्ताहिक विश्रांती सुरू व्हावी लागते. ती नियमाने ४५ तासांची असते. काही अटींवर ती २४ तासांपर्यंत कमी करता येते आणि कमी केलेले तास पुढे भरून द्यावे लागतात. आपल्या सहलीत सहाव्या दिवशी रात्री साडेआठला कोच उभा राहिला आणि आठव्या दिवशी सकाळी ८ला निघाला असे धरले, तर साडेपस्तीस तास झाले. मधल्या दिवशी आपण युंगफ्राउयोखला गेलात आणि तिथे कोच तसाही जात नाही. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्थानकापर्यंत रेल्वेनेच जावे लागते. इंटरलाकेनहून ग्रिंडेलवाल्डपर्यंतचा टप्पाही रेल्वेने केला की ड्रायव्हरची पूर्ण सुट्टी होते आणि कमी विश्रांतीच्या तीन संधी आठव्या दिवसापासून पुन्हा नव्याने मिळतात. व्हेनिसहून उशिरा परतताना आपल्याला घाई करावी लागली नसेल, तर त्याचे एक कारण हा उभा राहिलेला कोच आहे.

एकाच गटाच्या सहलीसाठी ही विश्रांती बारा कालखंडांपर्यंत लांबवण्याची परवानगीही आहे, आणि अनेक आयोजक तीच वापरतात. मला ती आवडत नाही, कारण मोजणी आपल्या विमानतळावरून नव्हे तर ड्रायव्हरच्या मागच्या विश्रांतीपासून सुरू होते. कोच प्रागचा असेल तर पॅरिसपर्यंतचे हजारेक किलोमीटर रिकामे यायलाच दोन दिवस जातात. एका वर्षी आमच्याकडे आलेला ड्रायव्हर थेट दुसऱ्या गटाला सोडून आला होता आणि ते आम्हाला कोलोनमध्ये कळले, जेव्हा त्याने नम्रपणे सांगितले की उद्या कोच हलणार नाही. तेव्हापासून कोच ठरवताना मी किमतीच्या आधी विचारतो की मागची ४५ तासांची विश्रांती कुठे आणि कधी संपणार. ती पॅरिसमध्येच संपायला हवी, आणि ही विश्रांती कोचमध्ये घेता येत नसल्यामुळे त्या दोन रात्रींच्या हॉटेलचा खर्च आपल्या हिशोबात धरावा लागतो.

राहिला टूर मॅनेजर. त्याच्याजवळ टॅकोग्राफ नाही, म्हणून त्याचा दिवस कोणी मोजत नाही. पहाटे साडेपाचला न्याहारीची व्यवस्था पाहण्यापासून रात्री अकराला खोलीचे कार्ड चालत नाही हे ऐकण्यापर्यंत तो चालू असतो. आणि ड्रायव्हरचा सुट्टीचा दिवस हा नेमका त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो : कोच नाही, चार ठिकाणी गाडी बदलायची आणि वर विरळ हवेत कोणाला चक्कर येते. म्हणून दोघांची सुट्टी एकाच दिवशी ठेवता येत नाही. फ्लोरेन्स त्यासाठी सोयीचे पडते, कारण इटलीत शहराची माहिती देण्यासाठी परवानाधारक स्थानिक गाइड घ्यावाच लागतो, कोच जुन्या शहरात शिरू शकत नाही आणि सारे पायी असते. दुपारी दीडला टूर मॅनेजर मोकळा झाला आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला परत आला, तर त्याला अठरा तास मिळतात. फक्त संध्याकाळचे जेवण हॉटेलमध्येच ठेवावे लागते आणि तातडीचा फोन त्या वेळेपुरता कार्यालयाने घ्यावा लागतो. हे आपल्याला सकाळीच कोचमध्ये सांगायला हवे होते. न सांगता निघून गेल्यामुळे तो ‘गायब’ वाटला, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते.

आपल्याकडे त्या सहलीची कार्यक्रमपत्रिका असेल तर शेवटचा दिवसही पाहा. रोममध्ये आदल्या रात्री उशिरा परतून पहाटेच्या विमानासाठी कोच दाखवला असेल, तर दोन्हींमध्ये ९ तास आहेत का ते मोजा. नसतील तर विमानतळाची फेरी दुसऱ्याच कोचने झाली असणार, आणि तसे असल्यास निदान तो भाग कोणीतरी विचार करून आखला होता.