सात नंबरचं इन्सुलिन

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा मेल मेडिकल वॉर्डची इनचार्ज होते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही वॉर्डात घडू शकतं आणि घडतंही.

आमच्यात पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. त्यासाठी एक कागद असतो. आमच्याकडे तो ए-फोर आकाराचा होता, झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला. एका पानावर २८ बेड. पहिला रकाना बेड नंबरचा, मग नाव, आजार, सलाईन, इंजेक्शनं, गोळ्या, कोणते रिपोर्ट यायचेत, जेवण कुठलं, बीपी आणि शेवटी 'शेरा'. रकाना इवलासा आणि मजकूर ढीगभर, त्यामुळे अर्धं लिखाण समासात जायचं आणि तिथून बाण काढून रकान्यात आणलेलं असायचं. बंद झालेलं औषध कुणी खोडायचं, कुणी नाही. दुपारची सिस्टर सकाळच्या कागदावरून उतरवून घ्यायची, रात्रीची दुपारच्या. तीन दिवसांनी त्या कागदावर काय खरं आणि काय शिळं, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

त्या रात्री ड्यूटीवर दोघी होत्या. एक अनुभवी आणि एक नोकरीला जेमतेम दोन वर्षं झालेली. ही धाकटी मुलगी फार बोलत नाही, पण तिला ओव्हरचा तो कागद मनापासून नकोसा होता. मला एकदा म्हणाली होती, "मॅडम, मला यातलं काही सापडतच नाही. मी नुसती वाचत राहते." मी तिला म्हटलं होतं, सवय होईल. ते माझं चुकलंच.

रात्री साडेअकराला औषधं देऊन झाली, वॉर्ड जरा शांत झाला. तिने कोरे कागद घेतले आणि यादी नव्याने लिहायला बसली. जुना कागद समोर ठेवून उतरवत बसली असती तर चुकाही सुंदर अक्षरात उतरल्या असत्या. तिने तो बाजूला ठेवला. ट्रीटमेंट चार्टची फाइल हातात घेतली, टॉर्च घेतला आणि बेड एकपासून सुरुवात केली. जागा असलेल्या पेशंटला नाव विचारायचं, झोपलेल्याच्या मनगटावरची पट्टी वाचायची, चार्टवरचं नाव आणि इनडोअर नंबर, म्हणजे भरती होताना पेशंटला मिळालेला नंबर, जुळवायचा आणि मगच ओळ लिहायची.

सात नंबरला ती थबकली.

कागदावर सात नंबरच्या ओळीत एक आडनाव होतं, पुढे 'शुगर' आणि 'सकाळी नाश्त्याआधी इन्सुलिन'. बेडवरच्या काकांच्या पट्टीवरही तेच आडनाव. पण जागे असलेल्या काकांनी पूर्ण नाव सांगितलं तेव्हा त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं, दोन्ही नावं वेगळी निघाली. चार्ट काढला तर त्यात इन्सुलिनच नव्हतं. शुगरच्या गोळ्या होत्या, त्याही सकाळी द्यायच्या नव्हत्या, कारण पोटाच्या सोनोग्राफीसाठी काकांना बारानंतर उपाशी ठेवायचं होतं.

झालं होतं असं. मूळचे सात नंबरचे काका न्यूमोनियाचे. दुपारी धाप वाढली म्हणून त्यांना ऑक्सिजनच्या पॉइंटजवळ अकरावर हलवलं. तासाभरात सातवर पोटदुखीची नवी अॅडमिशन आली, आडनाव नेमकं तेच. कागदावर सातवरून अकराकडे एक बाण होता, पण तो मधल्या तीन ओळींवरून गेला होता आणि त्यांतल्याच एका ओळीच्या समासातल्या मजकुरात हरवला होता. नव्या काकांचं नाव त्याच सातच्या चौकटीत वरच्या बाजूला बारीक अक्षरात कोंबलेलं. वरवर पाहणाऱ्याला एकच माणूस दिसायचा.

ती सोबतच्या सिस्टरकडे गेली आणि म्हणाली, "सिस्टर, सात नंबरला सकाळी इन्सुलिन नाही. ते अकरा नंबरचं आहे." सिस्टरनी खिशातून आपली झेरॉक्स काढली आणि ओळीवर बोट ठेवलं. "इथे आहे की. चाळीस."

चार्टवर अकराच्या काकांचा डोस होता चार युनिट.

इथे जरा सविस्तर सांगते, कारण यात हाताचा दोष कमी आणि लिहिण्याच्या पद्धतीचा जास्त आहे. युनिटसाठी आम्ही घाईत इंग्रजी यू लिहितो, तोही आकड्याला चिकटून. पेन जरा वळलं की यूची वरची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि त्याचं शून्य होतं. चारचे चाळीस, सहाचे साठ. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ मध्ये 'हे लिहूच नका' अशी यादी काढली, तिच्यात हा एकटा यू आहे. आपल्याकडच्या केस पेपरवर मात्र तो अजून रोज दिसतो.

साठ असते तर कदाचित हात थांबला असता. आपल्याकडे वॉर्डात वायलमधलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० ताकदीचं असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्याची लाल टोपणाची सिरिंज एक मिलिलिटरची, तिच्यावरची शेवटची रेघ ४०ची. साठ युनिट तिच्यात मावतच नाहीत, दुसरी सिरिंज घ्यावी लागते आणि तेवढ्यात माणसाच्या मनात शंका येते. चाळीस मात्र नेमके बसतात. सिरिंज काठोकाठ भरते, नीट दिसते, हात पुढे जातो.

ग्लुकोमीटरनेही वाचवलं नसतं. सहाला सातच्या काकांची शुगर १३८ आली. डायबेटिक माणसाची उपाशीपोटी १३८ पाहून, कागदावर इन्सुलिन लिहिलेलं असताना, कुणाला वावगं वाटेल? साडेसातला चाळीस युनिट प्लेन इन्सुलिन त्वचेखाली गेलं असतं. ते अर्ध्या तासात काम सुरू करतं आणि दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. म्हणजे साडेनऊ-दहाच्या सुमाराला, जेव्हा काका रिकाम्या पोटी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकावर नंबरची वाट बघत बसले असते. घाम, थरथर, मग असंबद्ध बोलणं, मग मान खाली. बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला लोक झोप लागली असं समजतात. वॉर्डात असते तर मावशींनी तरी हाक मारली असती.

कुणी विचारेल, औषध चार्ट बघूनच द्यायचं असतं ना? असतं. इन्सुलिन दोघींनी तपासून द्यायचं, हेही असतं. पण सकाळी सहा ते आठमध्ये २८ पेशंटच्या शुगर, रक्ताचे नमुने, बीपी आणि इंजेक्शनं दोघींनी उरकायची असतील, तर माणूस खिशातल्या कागदावर विसंबतो. त्या अनुभवी सिस्टरला मी एका शब्दाने बोलले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही चाळीसच वाचले असते.

आता तिने लिहिलेल्या कागदाबद्दल. तो मी अजून जपून ठेवलाय, पेशंटची नावं झाकून. पहिला रकाना पूर्ण नावाचा आणि इनडोअर नंबरचा, शाईने. बेड नंबर त्याच्या शेजारी पेन्सिलने, कारण बेड बदलतो, माणूस बदलत नाही. सारख्या आडनावाच्या दोन्ही ओळींना लाल चौकट. पुढे तीनच रकाने: आजच्या पाळीत काय बदललं, काय थांबवलं किंवा द्यायचं नाही, आणि किती वाजता काय करायचं. सातच्या ओळीत 'द्यायचं नाही'च्या रकान्यात होतं, 'सोनोग्राफी होईपर्यंत उपाशी, शुगरच्या गोळ्या नाहीत, इन्सुलिन नाही.' औषधांची यादी तिने पूर्ण काढून टाकली होती. ती चार्टवर आहे, इथे दुसऱ्यांदा लिहिली की दोन यादींत फरक पडणारच. फक्त इन्सुलिन, हेपारिन आणि पोटॅशियम, म्हणजे डोस चुकला तर जिवावर बेतणारी औषधं, चालू असलेल्या ओळींत 'चार्ट बघून' एवढं लिहिलं होतं, डोस नाही. बीपी फक्त बिघडलेल्यांचा.

अर्धं पान कोरं राहिलं होतं. सकाळी तेच कोरं पान वादाचं कारण झालं. एका ज्येष्ठ सिस्टर म्हणाल्या, "उद्या काही झालं तर? लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, असंच कोर्टात म्हणतात." त्यांची भीती खोटी नाही, आम्ही सगळ्या त्या भीतीत वाढलोय. पण केलेलं काम लिहायची जागा केस पेपरमधल्या नर्सेस नोट्स आहेत, तिथे सविस्तर लिहावं. ओव्हरचा कागद पुढच्या सिस्टरसाठी असतो. एकाच कागदावर पुरावाही ठेवायचा आणि पुढचीला रस्ताही दाखवायचा म्हटलं, तर पुरावा वाढत जातो आणि रस्ता दिसेनासा होतो.

माझं ठाम मत सांगते. ओव्हरचा कागद प्रत्येक पाळीला नव्याने, चार्टवरून आणि बेडजवळ उभं राहून लिहिला पाहिजे. मागच्यावरून उतरवायचा नाही. पाळी संपली की जुना फाडायचा. आणि त्यासाठी दोन पाळ्यांच्या मध्ये किमान वीस मिनिटं दोघी एकत्र वॉर्डात असल्या पाहिजेत, पगारी. आत्ता एकीची पाळी आठला संपते आणि दुसरीची आठलाच सुरू होते. म्हणजे ओव्हर कागदोपत्री शून्य मिनिटांत होतो. प्रत्यक्षात कुणाची तरी बस चुकते, किंवा ओव्हर उभ्याउभ्या काउंटरवर उरकतो आणि मग त्या बाणांवर भरवसा ठेवावा लागतो.

नवा कागदही आपोआप चांगला राहत नाही. तीन आठवड्यांत त्याच्याही समासात जेवण आणि बीपी परत यायला लागले. मी रोज सकाळी एक पान बघायचे आणि समासात काही दिसलं की विचारायचे, हे पुढच्या सिस्टरला कशासाठी हवंय? बहुतेक वेळा उत्तर नसायचं. एकदा मात्र होतं. पेशंटला ऐकू येत नव्हतं, म्हणून हाक मारून नाव विचारण्यात अर्थ नाही, पट्टीच वाचा, असं तिने समासात लिहिलं होतं. ते आम्ही नावाच्या रकान्यात घेतलं.

त्या दिवशी सातच्या काकांची सोनोग्राफी सव्वादहाला झाली. परत आल्यावर त्यांनी चहा मागितला, बिनसाखरेचा. रात्रीच्या गोष्टीबद्दल त्यांना त्याच दिवशी मी स्वतः सांगितलं, कारण त्यांना ते कळायला हवं होतं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ती मुलगी रात्री येऊन नाव विचारत होती, तेव्हा मी तिच्यावर वैतागलो होतो हो."

नव्या नमुन्याचा फॉर्म छापून मिळावा म्हणून अर्ज दिला, त्याला आता आठ महिने झाले. फॉर्म आलेला नाही. वॉर्डात अजून रात्रपाळीची सिस्टर फूटपट्टीने रेघा मारते.