साडेसातची मीटिंग, जकार्ता

इंडोनेशियात वेळेला रबराची म्हणतात : जाम कारेत. ज्या देशात रबराचे मळे मैलोन्‌मैल पसरलेत आणि कागदात बांधलेल्या भातालाही रबरबँड लावून देतात, तिथे घड्याळ तरी का सुटावं? पण माझी तक्रार रबर ताणतं याबद्दल नाहीच. ते किती ताणायचं हे तिथल्या प्रत्येकाला पाठ असतं आणि नवख्याला कोणी सांगत नाही, दुखणं हे आहे.

जकार्तातल्या एखाद्या गल्लीची सभा घ्या. गल्लीचा निवडलेला प्रमुख असतो, त्याला 'पाक एर्ते' म्हणतात. त्याला सभा आठला सुरू करायची असते. मागच्या वेळी लोक अर्धा तास उशिरा आले, म्हणून तो निमंत्रणात 19.30 छापतो. लोकही काही कच्चे नाहीत. छापलेली वेळ पुढे सरकवलेली आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं, त्यामुळे ते सव्वाआठला येतात. पुढच्या निमंत्रणात सात लिहिलं जातं. इथे मात्र पंचाईत होते, कारण रात्रीचा इशाचा नमाज सात-सव्वासातच्या सुमारास असतो आणि त्याआधी कोणी घराबाहेर पडत नाही. म्हणून शहाणा प्रमुख आकडा छापतच नाही. 'इशानंतर' एवढंच लिहितो. त्यात कोणालाच उशीर होत नाही, कारण 'नंतर' कुठे संपतं हे लिहिलेलंच नसतं.

आणि साडेसात म्हणजे साडेसात समजणाऱ्या बिचाऱ्याचं काय होतं? चटया अजून गुंडाळलेल्या असतात. माइक तपासणारा पोरगा 'एक, दोन' म्हणत असतो. पाहुण्याच्या हातात खाऊचा पुठ्ठ्याचा डबा येतो : केळीच्या पानातला चिकट भाताचा लेम्पर, एक तळलेला रिसोल, पाण्याचा सीलबंद पेला. हा डबा उघडायचा नाही. मान्यवर आल्याशिवाय उघडला तर भूक दिसते. मान्यवर शेवटी येतात, कारण उशिराचा हक्क हुद्द्याप्रमाणे वाढतो. साहेबांना थांबवणं हा गुन्हा, साहेबांसाठी थांबणं हे शिष्टाचारात बसतं. मीटिंगला उशीर का होतोय हे ओळखायचं असेल तर पहिल्या रांगेतली सोफ्याची खुर्ची बघावी. ती रिकामी असेल तर डबा मांडीवरच ठेवावा.

उशीर करणाऱ्याला फोन केला तर उत्तर तयार असतं : 'ओतेवे'. इंग्रजी 'ऑन द वे'ची ही तीन अक्षरं. अर्थ कळायला मागचा आवाज ऐकावा. हॉर्न ऐकू आले तर माणूस खरंच रस्त्यावर आहे. तांब्या-बादलीचा आवाज आला तर 'ओतेवे' न्हाणीघरात चाललंय. आणि 'माचेत', म्हणजे ट्रॅफिक, हे कारण जकार्तात कधीच खोटं ठरवता येत नाही. पाऊस पडला असेल तर विचारूही नये.

मात्र हे रबर सगळीकडे ताणत नाही. लग्नात बघा. आकाद, म्हणजे निकाह, बहुधा वेळेवर लागतो, कारण तो लावायला सरकारी कार्यालयातून येणाऱ्या अधिकाऱ्याची शनिवार-रविवारी आणखीही लग्नं ओळीने असतात. रिसेप्शनचं वेगळं. गावाकडच्या पत्रिकेत सुरुवातीची वेळ आणि पुढे 'संपेपर्यंत' एवढंच असतं. लोक येतात, वहीत सही करतात, पेटीत पाकीट टाकतात, नवरा-नवरीला हात देतात, जेवतात, निघतात. कोणालाच सुरुवात गाठायची नसते. पण शहरात हॉल तासांच्या हिशेबाने भाड्याने घेतलेला असतो. अकरा ते एक लिहिलंय तर एकला आचारी झाकणं लावायला घेतात. त्यातही मुख्य टेबलावरचा भात शेवटपर्यंत पुरतो, बाजूच्या छोट्या मांडवांमधलं भाजलेलं बकरं नाही. ते बहुतेक आधी संपतं. म्हणून जाणकार मंडळी वर-वधूला भेटण्याआधी तिकडे रांगेत दिसतात, आणि वक्तशीरपणा या देशाला जमत नाही ही समजूत त्या रांगेत उभं राहिलं की जाते.

रमजानात तर फारच. मित्रांनी मिळून उपास सोडायचा कार्यक्रम असेल तर हॉटेलात पाचलाच टेबल धरावं लागतं, कारण सूर्यास्ताची, मगरिबची अजान कोणासाठी थांबत नाही. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने जकार्तात सूर्य वर्षभर साधारण सहाच्या आसपासच मावळतो, त्यामुळे 'आज लवकर झाली वाटतं' ही सबबही चालत नाही. जो पावणेसहाला 'ओतेवे' म्हणतो, त्याचा उपास सिग्नलवर, कोणीतरी वाटलेल्या तीन खजुरांवर सुटतो. आणि तो टेबलाशी पोचेपर्यंत बाकीच्यांचं नारळाच्या दुधातलं गोड कोलाक खाऊन झालेलं असतं, बिल कोणी द्यायचं हेही ठरलेलं असतं.