बाटिकची ओढणी मिठात भिजवू नका

फॉरवर्ड असा आहे: "बाटिकवर भेगांसारख्या बारीक रेषा दिसल्या तर कापड जुनं आहे, तिथूनच फाटणार. अस्सल बाटिकचा रंग कधीच जात नाही. नवीन बाटिक पहिल्यांदा कडक गरम पाण्यात मूठभर मीठ आणि व्हिनेगर घालून रात्रभर भिजत ठेवा, उरलेलं मेण निघतं आणि रंग कायमचा पक्का होतो."

हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला आणि मी तिन्ही वेळा गप्प बसले. पण परवा मामेबहिणीचा फोन आला, ताई ओढणीचं काय झालं बघ गं. मरून जमिनीवर ऑफव्हाइट पानं होती, ती सगळी गुलाबी झालेली. मेसेजमध्ये लिहिलंय तसंच, अगदी अक्षरशः केलं होतं तिने. म्हणून आता लिहितेच.

आधी रेषांचं. बाटिकमध्ये जिथे रंग नकोय तिथे वितळलेलं मेण लावतात आणि मग कापड रंगात बुडवतात, तोही थंड रंगात, कारण गरम रंगात मेणच वितळून जाईल. गार झालेलं मेण कडक होतं, कापड चुरगळलं की त्याला तडे जातात, त्या तड्यांतून रंग आत शिरतो आणि मेण काढल्यावर तीच जाळी उरते. म्हणजे तडा मेणाला गेलेला असतो, सुताला नाही! नुसतं पॅराफिन ठिसूळ असतं त्यामुळे जाळी भरपूर येते, मधमाशांचं मेण लवचिक, ते जास्त घातलं की जाळी कमी. कारागीर हे प्रमाण बघूनच ठरवतात, आणि जास्त जाळी हवी असेल तर मेण लावलेलं कापड मुद्दाम गार पाण्यात टाकून हाताने चुरगळतात. खात्री करायची तर कापड उजेडासमोर धरा आणि रेषेवर दोन्ही बाजूंनी हलकं ताणा. सूत विरलं असेल तर तिथून उजेड जास्त येईल आणि धागे सरकतील. जाळीच्या रेषेत धागा अख्खा असतो, फक्त रंगलेला. आणि रेषेचा रंग बघा, मेण लावल्यानंतर कापड ज्या रंगात बुडवलं तोच असतो. बहिणीच्या पानांवरच्या रेषा मरून होत्या, कारण पानांवर मेण असताना ओढणी मरूनमध्ये गेली होती.

एक मान्य करावं लागेल. जावामधल्या बारीक हाताच्या कामात अशा रेषा फार आल्या तर ते काम कच्चं समजतात, त्यांच्या मेणात राळही असते आणि रेषा येऊ नयेत म्हणूनच ते जपतात. पण ती कामाच्या सफाईची गोष्ट झाली, कापड जुनं असण्याशी किंवा फाटण्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

अस्सल बाटिकचा रंग जात नाही हेही चूक. रंग जाणं न जाणं कुठला रंग वापरला आणि शेवटी किती नीट धुतला यावर असतं, मेणावर नाही. गडद रंगाचा सुटा थर धाग्यावर बसलेला असतो, तो पहिल्या काही धुण्यांत निघतोच.

आता मीठ. सगळ्यात जास्त वाट हेच लावतं, त्यामुळे जरा सविस्तर.

कापूस पाण्यात गेला की त्यावर ऋण भार येतो, आणि सुती कापडाला वापरतात त्यातले बरेचसे विरघळणारे रंगही ऋण भाराचेच, त्यामुळे दोघं एकमेकांना ढकलतात. रंगारी मीठ घालतो ते हे ढकलणं कमी करून पाण्यातला रंग धाग्याकडे जावा म्हणून. तेसुद्धा रंगवतानाच, आणि मूठभर नाही, लिटरमागे ५०-६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त. रिअ‍ॅक्टिव्ह रंगात धाग्याशी पक्की जोड होते ती पुढे सोडा घातल्यावर, मिठाने नाही. म्हणजे मीठ रंगाला दारापर्यंत नेतं, आत बांधून ठेवत नाही.

मग रंगून तयार झालेल्या कापडावर मीठ काय करतं? सुटा रंग पाण्यात जायच्या ऐवजी कापडावरच दाबून ठेवतं. म्हणून पाणी स्वच्छ दिसतं आणि लोकांना वाटतं रंग पक्का झाला. हे अर्धसत्य आहे आणि मेसेज चालतो तो याच्याच जोरावर. बहिणीचं पाणीसुद्धा सकाळी फक्त फिकट गुलाबी होतं, ती खूश झाली, मग साध्या पाण्यात टाकल्यावर बादली लालभडक! आणि मीठ रंगाला धाग्याकडे ढकलतं तेव्हा तो धागा मरून आहे की पांढरा हे बघत नाही. बाटिकमधली पानं म्हणजे मेणाने झाकून ठेवलेला कोरा कापूस, सुटा रंग तिथे लगेच बसतो. त्यात ओढणी रात्रभर घडी करून, न हलवता ठेवलेली. घडीत मरून भाग पानाला चिकटून होता तिथे डाग सगळ्यात गडद आलेत.

आणि सगळेच रंग विरघळणारे नसतात. बाटिकमध्ये नॅफ्थॉल खूप चालतात, त्यांचे सुटे कण पाण्यात विरघळत नाहीत, धाग्यावर नुसते बसून असतात आणि घासलं की निघतात. त्यांच्यावर मीठ काही करत नाही. घासून रंग जातो का हे वेगळं तपासावं लागतं म्हणून तर त्याची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, आयएसओ १०५-एक्स१२, त्यात पांढरं सुती कापड एकदा कोरडं आणि एकदा ओलं घासून बघतात. घरी हेच करा, पांढरी चिंधी ओली करून कोपऱ्यावर दहा वेळा मागेपुढे घासा. चिंधी रंगली की कापड एकटंच धुवायचं आणि चोळायचं नाही.

व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या आम्ल रंगांसाठी ठीक, सुती बाटिकवर त्याचा काही उपयोग नाही.

कडक गरम पाणी आलं कुठून तर कारखान्यातून. तिथे मेण काढायला कापड साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकतात, पण मोठ्या हंड्यात, सतत हलवत, आणि वर तरंगणारं मेण काढून टाकत. घरच्या बादलीत मेण वितळून वर येतं आणि कापड बाहेर काढताना त्यालाच परत चिकटतं. मेण उरलंय का बघायला उलट्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका, मोत्यासारखा राहिला आणि कापड तिथे ताठ लागलं तर मेण आहे. दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये धरून इस्त्री फिरवा आणि कागद बदलत राहा, छापील वर्तमानपत्र नको, शाई लागते.

पहिली धुणी अशी करा. एका ओढणीला निदान १० लिटर साधं थंड पाणी, ओढणी पूर्ण उघडून पाच मिनिटं हलवत राहायचं आणि पाणी टाकून द्यायचं, भिजत ठेवायचं नाही. पाणी जवळजवळ स्वच्छ होईपर्यंत असं करा, गडद रंगाला तीन-चार पाणी लागतातच. मग चमचाभर सौम्य लिक्विड साबण नवीन पाण्यात आधी ढवळून त्यातून काढा आणि परत साध्या पाण्यातून. पिळू नका, ओली घडी घालून पाच मिनिटंही ठेवू नका, लगेच सावलीत एकपदरी पसरा.

आणि डाग पडलेच असतील तर वाळू देऊ नका, इस्त्री तर अजिबात नाही. बहिणीची ओढणी ओलीच होती तेव्हा आम्ही भरपूर पाणी आणि साबण घेऊन सहा वेळा पाणी बदललं. बरीच पानं परत ऑफव्हाइटच्या जवळ आली. घडीतली चार पानं गुलाबीच राहिली आहेत.