न भाजलेलं मडकं

“दादा, आपला मातीचा घुमट वाजवायला शिकावंसं फार वाटतं. पण बावन्नाव्या वर्षी ताल चुकला तर वाडाभर हसं होईल. तू तिथं काय काय शिकतोस, तुला भीती नाही वाटत?” गोव्यातल्या डिचोलीहून चुलत बहिणीने विचारलं.

वाटते गं. इथे इंग्लंडात स्विंडनला कुंभारकामाच्या वर्गात पहिल्या दिवशी अर्धा किलो माती चाकावर डुगडुगत होती आणि शेजारच्या ट्रकवाल्याने वाडगा उभासुद्धा केला होता. मी घाबरून पाण्यावर पाणी ओतत गेलो, तशी माती मऊ पडून बसली. ती मधोमध आली की नाही, हे बोटाला कळतं. बोट नुसतं टेकवायचं, हिसका बसता कामा नये. हिसका बसत असताना वर ओढलं की एक बाजू जाड, एक पातळ, आणि मडकं कलंडतं.

शिकवणाऱ्या बाईंचा नियम असा, की पहिले चार आठवडे काहीच भाजायचं नाही. जे होईल ते तारेने उभं कापायचं, भिंत कुठे जाड राहिली ते बघायचं आणि माती बादलीत टाकायची. भाजली नाही तोवर ती भिजवून परत वापरता येते. माझा एकुलता एक बरा वाडगा कापायला लावला तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढे हात सैल पडला. घरी न्यायला काही उरणारच नव्हतं, मग लाजायचं कोणाला?

आपल्याकडे गणपतीची चवथ जवळ आली की जुना वाद निघतो. घुमट आरतीच्या स्पर्धांनी कला तारली की मारली? आतेभाऊ म्हणतो, “स्पर्धा नसत्या तर पोरं घुमटाकडे फिरकलीच नसती.” त्यात तथ्य आहे. पण पथकात न बसणारे बावन्न वर्षांचे हात कुठे जाणार? आमच्या घरी आरतीला हाताशी येईल तो घुमट वाजवायचा, तालात असो वा नसो. 2019 साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य केलं, तेव्हापासून तर तो बेताल वाजवायला आणखीच धीर होत नाही.

माझ्या धाडसातला अर्धा वाटा मात्र इथे मला कोणी ओळखत नाही याचा आहे. तुला सगळा वाडा ओळखतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एवढंच कर: चार रविवार दार लावून बस, आरती नको, फोनवर रेकॉर्डिंग नको. उजव्या हाताने चामड्यावर थाप, डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप. आवाज कुठे घुमतो, कुठे दबतो, तेवढंच ऐक.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “बक्षिसं ठेवायला तिच्याकडे कपाट आहे का?”

काल बहिणीचा निरोप आला: “पहिला रविवार झाला. कुत्रा घर सोडून गेला.”