रेफरल फॉर्मवरचा एक प्रश्न

"ताई, माझ्या मित्राचा सीव्ही टाकलाय, बघितलात का?" एचआरमध्ये हे मी रोज ऐकते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. ओळखीतून आलेल्या माणसाला कामाची खरी कल्पना आधीच मिळालेली असते, त्यामुळे तो सहसा टिकतो.

पण आधीच्या कंपनीत आमच्या सपोर्ट टीमचा लीड सोडून गेला आणि दोन महिन्यांत त्याच्यामागोमाग आणखी पाच जण गेले. तेव्हा मी कागद घेऊन कोणाला कोणी आणलं ते लिहून काढलं. 26 पैकी 17 जणांची साखळी त्या एकट्यापाशी जाऊन थांबत होती. बहुतेक सगळे एकाच कॉलेजचे. टीममध्ये बायका दोनच, त्याही जाहिरात पाहून आलेल्या. मुलाखत घ्यायलाही तोच बसायचा. हे आम्ही होऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी त्याला दोष देत नाही. आमचा नियमच तसा होता: आणलेला माणूस 90 दिवस टिकला की 40,000 रुपये. काम बरं असो वा वाईट, रक्कम तीच. मग माणूस जवळच्यालाच आणणार ना?

लोरी बीमन आणि जेरेमी मॅग्रुडर या अर्थतज्ज्ञांनी कोलकात्यात हेच तपासलं. त्यांचा निबंध 2012 मध्ये आला. लोकांना एक बौद्धिक काम दिलं आणि मग ओळखीतला कोणीतरी आणायला सांगितलं. काहींना ठरावीक रक्कम कबूल केली, तर काहींची रक्कम आणलेल्या माणसाच्या कामगिरीवर ठेवली. कामगिरीवर पैसे ठरले तेव्हा नातेवाईक कमी आले, सोबत काम केलेले जास्त. मात्र चांगली माणसं आणली ती ज्यांना स्वतःला ते काम उत्तम जमलं होतं त्यांनीच. बाकीच्यांना पैशाची आशा दाखवूनही पारख जमली नाही. म्हणून रक्कम वाढवत नेण्यावर माझा विश्वास नाही.

बीमन आणि मॅग्रुडर यांनीच, आणखी एका सहकाऱ्याबरोबर, मलावीत केलेला प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. तिथे पुरुषांनी आपणहून फार कमी बायकांची नावं दिली. पण बाईचंच नाव द्या म्हटल्यावर त्यांना पात्र बायका सापडल्या. म्हणजे अशा बायका त्यांच्या ओळखीत होत्याच, फक्त नाव सुचवताना आठवत नव्हत्या.

आता मी जिथे आहे तिथे बोनसचा अर्धा भाग सहा महिन्यांच्या आढाव्यानंतर मिळतो. ज्याने नाव दिलं तो मुलाखतीला बसत नाही. प्रत्येक जागेची जाहिरात निघतेच आणि रेफरलचा सीव्हीही त्याच चाळणीतून जातो. फॉर्मवर एक प्रश्न वाढवलाय: या व्यक्तीचं कोणतं काम तुम्ही स्वतः पाहिलं आहे? पहिल्या महिन्यात फॉर्म 19 वरून 8 वर आले. साहेब काळजीत पडले. मी त्यांना ते आठही फॉर्म वाचायला दिले. त्यातल्या एका मुलाने जुन्या ऑफिसातल्या सहकारी बाईंबद्दल पानभर लिहिलं होतं: रात्री सर्व्हर बंद पडला तेव्हा त्यांनी कोणाला आधी फोन केला, ग्राहकाला काय सांगितलं, सगळं. त्यांची मुलाखत सोमवारी आहे.